आधी काम, मग नाव: नवरदेवाचं आभाराचं भाषण

वसईतलं किंवा गोव्यातलं ख्रिस्ती लग्नाचं रिसेप्शन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना त्याचा क्रम तोंडपाठ असतो. बँडच्या तालावर वधूवर हॉलमध्ये येतात, केक कापला जातो, मग कुटुंबातलं एखादं जाणतं माणूस माइक हातात घेतं, दोघांबद्दल चार शब्द बोलतं आणि सगळ्यांना ग्लास उंचवायला सांगतं. हा टोस्ट. गोव्यात त्यावर ‘व्हीवा’चा गजर होतो. गजर ओसरला की निवेदक माइक नवरदेवाच्या हातात देतो, कारण आता त्याने उत्तर द्यायचं असतं.

इथे बहुतेक वेळा सुटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद निघतो. ‘सर्वप्रथम मी आभार मानतो...’ अशी सुरुवात होते. आई, बाबा, सासू, सासरे, मोठे काका, मधले काका, त्यांच्या सौभाग्यवती, आत्या, आतोबा, मामा, मावसभाऊ, शेजारी, ऑफिसातले साहेब, कॅटरर, मंडपवाले, फोटोग्राफर. दहाव्या नावापर्यंत लोक ऐकतात. मग मागच्या टेबलांवर कुजबुज सुरू होते, मुलं खुर्च्यांमधून धावू लागतात आणि ज्यांची नावं घेतली जाताहेत तेही आपलं नाव आलं की नाही एवढंच बघत राहतात. टाळ्या पडतात, पण तुटक. एका टेबलावर वाजतात तेव्हा दुसरं टेबल गप्प असतं.

त्या मुलाच्या मनात कृतज्ञता नसते असं अजिबात नाही. उलट ती एवढी असते की कुणालाच सोडवत नाही. पण यादीत शिरलेली माणसं सारखी दिसू लागतात. ज्या बापाने आयुष्य वेचलं त्याच्या वाट्याला एक ओळ येते आणि ज्याने फुलांची कमान उभारली त्याच्याही वाट्याला एकच ओळ येते.

अशीच प्रथा इंग्रजांकडेही आहे, आणि तिचा मूळ हेतू कळला की भाषण लिहिणं बरंच सोपं होतं. इंग्लंडमधल्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे लग्नाच्या जेवणात तीन भाषणं होत. पहिलं वधूच्या वडिलांचं, दुसरं नवरदेवाचं, तिसरं बेस्ट मॅनचं, म्हणजे नवरदेवाच्या पाठीराख्या मित्राचं. वधूचा बाप यजमान असे. तो पाहुण्यांचं स्वागत करी आणि वधूवरांच्या नावे टोस्ट देई. नवरदेव उभा राही तो त्या टोस्टला उत्तर द्यायला. शेवटी तो वधूच्या करवल्यांच्या नावे टोस्ट देई आणि त्यांच्या वतीने उत्तर द्यायला बेस्ट मॅन उठे. अशी ही साखळी होती. नवरदेवाच्या वडिलांना त्यात बोलायची पाळीच नसे, त्यामुळे आपल्या घराचं जे काही म्हणणं असेल ते त्या मुलानेच मांडायचं.

म्हणजे नवरदेवाकडे दोन कामं आली: वधूच्या घराने जे म्हटलं त्याला उत्तर देणं आणि स्वतःच्या घराच्या वतीने बोलणं. या दोन्हींत मंडपवाला कुठेच नाही. आजही इंग्लंडमध्ये नवरदेवाने ‘माझी पत्नी आणि मी’ असे शब्द पहिल्यांदा उच्चारले की हॉलभर जल्लोष होतो. चार-पाच शब्दांत एवढा प्रतिसाद मिळतो, कारण ते शब्द त्याच दिवशी खरे झालेले असतात. आदल्या दिवशी ते त्याला म्हणता आले नसते.

वसई-गोव्यात साखळी थोडी वेगळी आहे. इथे टोस्ट वधूच्या वडिलांनीच द्यावा असा नियम नाही. कधी मामा देतो, कधी एखादा काका, कधी बाप्तिस्म्याच्या वेळचा पाद्रिन. हॉलचा खर्चही आता बऱ्याचदा दोन्ही घरं वाटून घेतात. पण उत्तराचा धागा तसाच आहे. म्हणून नवरदेवाने लिहून आणलेल्या भाषणात सुरुवातीला एक ओळ रिकामी सोडावी आणि टोस्ट देणारा बोलत असताना त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट टिपून ती तिथे भरावी. ‘मामांनी आत्ता सांगितलं की मी लहानपणी झोपाळ्यावरून पडलो होतो, तेव्हा मला उचलून दवाखान्यात नेणारेही मामाच होते.’ एवढं पुरतं. त्या एका वाक्याने भाषण आधी घोटून आणलेलं वाटत नाही आणि टोस्ट देणाऱ्याचे आभारही मानले जातात.

यादीचा हिशेबही एकदा करून पाहावा. एका माणसाचं नाव, नातं आणि ‘यांचे मनापासून आभार’ एवढं माइकवर नीट म्हणायला साधारण पाच सेकंद लागतात. ३४ नावं असतील तर १७० सेकंद, म्हणजे जवळपास तीन मिनिटं. भाषण चार मिनिटांचं असेल तर आई-वडिलांसाठी, सासू-सासऱ्यांसाठी आणि जिच्याशी लग्न झालं तिच्यासाठी मिळून एक मिनिट उरतं.

यादीचा दुसरा तोटा त्याहून मोठा आहे. कुणी रुसू नये म्हणून नावं वाढवली जातात, पण नावं वाढली की रुसण्याची शक्यताही वाढते. नवरदेवाने पाचच जणांचा उल्लेख केला तर सहाव्याला काही वाटत नाही, कारण त्याच्यासारखे दोनशे जण हॉलमध्ये असतात. चाळीस नावं घेतली तर एकेचाळिसाव्याला मात्र आपल्याला वगळलं असंच वाटतं. आपल्या लग्नपत्रिकांवर ‘निमंत्रक’, ‘कार्यवाह’, ‘समस्त परिवार’ असे रकाने भरताना एखादा चुलता राहिला की काय होतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला सांगायला नको. पत्रिकेत निदान छापण्याआधी चूक सुधारता येते. माइकवर राहिलेलं नाव मागाहून घेतलं तर ते राहिलं होतं हेच साऱ्या हॉलला कळतं.

हीच अडचण ऑस्करच्या समारंभात वर्षानुवर्षं आहे. १९४३ साली ‘मिसेस मिनिव्हर’साठी पुरस्कार घेताना ग्रीअर गार्सन साडेपाच मिनिटांच्या आसपास बोलली आणि तिचं ते भाषण लांबीसाठीच प्रसिद्ध झालं. पुढे विजेत्यांना पंचेचाळीस सेकंदांची मर्यादा आली, तरी ती सेकंदंही नावं वाचण्यातच जात. अखेर २०१६च्या समारंभात आयोजकांनी उमेदवारांकडून आभाराची नावं आधीच लिहून घेतली आणि ती पडद्याच्या खालच्या पट्टीवर सरकवली, म्हणजे बोलायचा वेळ मनातलं सांगायला मोकळा राहील. त्यामागचा विचार लग्नाला तंतोतंत लागू पडतो. नावं वाचायला बरी, ऐकायला नाहीत. ख्रिस्ती लग्नांत मिस्साची छापील पुस्तिका वाटली जाते. तिच्या शेवटच्या पानावर सगळी नावं सन्मानाने छापता येतात. ते पान लोक घरी नेतात, जपूनही ठेवतात.

मग माइकवर काय बोलायचं? इथे मॅक्स ॲटकिन्सन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं काम उपयोगी पडतं. राजकीय भाषणांची ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी एकच गोष्ट तपासली: श्रोते टाळी नेमकी कधी वाजवतात? ‘अवर मास्टर्स व्हॉइसेस’ हे त्यांचं पुस्तक १९८४चं. त्यांना दिसलं की टाळी वाजवण्याची इच्छा असली तरी माणूस एकटा टाळी वाजवायला बिचकतो. सगळे कधी वाजवणार हे आधी कळलं तर हात आपोआप उठतात. म्हणून एखाद्या व्यक्तीचा गौरव करताना चांगला वक्ता आधी तिच्याबद्दल सांगतो, कोण असेल याचा अंदाज येऊ देतो, क्षणभर थांबतो आणि मग नाव घेतो. नाव आलं की सगळ्यांना कळतं, हीच टाळीची वेळ. भरघोस टाळी साधारण आठ सेकंद चालते, हेही त्यांनी मोजून दाखवलं. दोन-तीन सेकंदांत विरलेली टाळी उपचाराची वाटते.

मराठी घरांत हे तंत्र कुणी शिकवलेलं नाही आणि तरी ते सगळ्यांना येतं. उखाणा बांधलेलाच असतो तसा. आधीच्या ओळीत काहीतरी चित्र उभं राहतं, ऐकणाऱ्यांचे कान टवकारतात आणि नाव येतं ते पुढच्या ओळीत, यमकासोबत. नाव आलं की मांडवात हशा आणि टाळ्या. नाव आधी घेऊन मग बाकीचं सांगितलं तर तोच उखाणा पडतो. आभाराच्या भाषणाचंही तसंच आहे: आधी काम सांगायचं, मग माणूस.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते पाहण्यासाठी एक नवरदेव कल्पनेने घेऊ. मुलगा वसईच्या एका गावातला, घरी फुलांची वाडी. मुलगी म्हापशाची. रिसेप्शन वसईत, म्हणजे मुलीकडची माणसं कमी आणि परगावाहून आलेली. मुलाच्या कागदावर ३४ नावं आहेत: एकवीस त्याच्या घरची, नऊ तिच्या घरची आणि चार कॅटरर, मंडप, बँड, फोटो यांची.

पहिलं काम, या नावांचे ढीग करणं. शेवटचे चार सर्वांत आधी बाजूला काढावेत. त्यांचं काम मोलाचं असतं, पण ते मोल देऊन घेतलेलं असतं. त्यांचे पैसे ठरलेल्या वेळी चुकते करणं आणि निघताना भेटून ‘छान झालं’ म्हणणं हाच त्यांचा खरा सन्मान. मग राहतात तीस. त्यांतल्या प्रत्येक नावापुढे त्या माणसाने केलेली एक गोष्ट लिहायची. ‘प्रेम दिलं’, ‘पाठीशी उभे राहिले’ असं नाही. डोळ्यांनी दिसलेली गोष्ट. काही नावांपुढे ती झरझर सुचते. काहींपुढे सगळ्यांना मिळून एकच गोष्ट येते: काल रात्री मांडवात राबले. आणि काहींपुढे काहीच येत नाही. हे नाव फक्त ‘नाहीतर रुसतील’ म्हणून लिहिलेलं असतं.

या तिसऱ्या ढिगाबद्दल थोडं थांबायला हवं, कारण घराघरांत खरी भीती याचीच असते. समजा थोरले काका मानापमानाच्या बाबतीत हळवे आहेत. त्यांचं नाव विसाव्या क्रमांकावर वाचून त्यांचं समाधान होईल का? होणार नाही. मान हा नावाने मिळत नाही, जागेने मिळतो. त्यांना जेवणाआधीची प्रार्थना सांगायची विनंती करावी किंवा मुलीकडच्या वडीलधाऱ्यांचं दाराशी स्वागत करायचं काम द्यावं, तेही आठवडाभर आधी, घरी जाऊन. मग भाषणात त्यांचं नाव आलं नाही तरी त्यांच्या मनात किंतू राहत नाही.

एवढं केल्यावर आपल्या नवरदेवाकडे नावानिशी सांगायची सहा माणसं उरतात: मुलीचे आई-वडील, त्याचे आई-वडील, त्याची धर्ममाता आणि मुलीची आजी. बाकीचे गटाने.

त्याच्या कागदावर सासऱ्यांसाठी मूळ वाक्य असं होतं: ‘माझ्या सासऱ्यांचे मनःपूर्वक आभार, त्यांनी मला मुलासारखं प्रेम दिलं.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही सासऱ्याबद्दल म्हणता येतं, म्हणून ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीच उभं राहत नाही. आता तेच आभार, काम आधी आणि माणूस नंतर:

‘मी म्हापशाला पहिल्यांदा गेलो तो जुलैत. गाडी थिवीला पहाटे पोहोचली, बाहेर धो धो पाऊस. स्टेशनसमोर एक गृहस्थ स्कूटर घेऊन उभे होते. अंगात एक रेनकोट आणि हातात दुसरा, घडी न मोडलेला, किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. मला म्हणाले, “आधी हा घाल.” मुलीला मागणी घालायला आलेल्या अनोळखी मुलासाठी त्यांनी आदल्या दिवशी बाजारात जाऊन रेनकोट आणला होता. ते गृहस्थ आज इथे पहिल्या रांगेत बसलेत. माझे डॅडी.’

मोजले तर हे साठ-सत्तर शब्द आहेत. माइकवर सावकाश बोलताना मराठीत मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, म्हणजे हा प्रसंग पाऊण मिनिटाच्या आत संपतो. यात ‘आभार’ हा शब्द एकदाही नाही आणि तरी हॉलमध्ये कुणाला शंका राहत नाही की हे आभारच आहेत. किमतीची चिठ्ठी हा तपशील इथे सगळ्यात जास्त काम करतो. तो नसता तर तो फक्त एक जास्तीचा रेनकोट राहिला असता. चिठ्ठीमुळे कळतं की तो मुद्दाम विकत आणला.

आपल्या आई-वडिलांबद्दल बोलणं याहून अवघड जातं, कारण त्यांनी काय केलं नाही हेच आठवत नाही. अशा वेळी सगळं सांगायचा मोह सोडून एकेक गोष्ट निवडावी. वसईची फुलं पिढ्यान्‌पिढ्या दादरच्या बाजारात जात आली आहेत, आणि आपल्या या नवरदेवाची आईही पहाटेच्या लोकलने फुलांची टोपली घेऊन जायची. त्याने एवढंच सांगावं: ‘माझ्या दहावीच्या परीक्षेच्या दिवसांतही आई पहाटे दादरलाच असायची. पण मला उठवायचं काम तिने कुणावर सोपवलं नाही. बाजारातून फोन करायची आणि मी पुस्तक उघडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवायची नाही.’ आणि वडिलांसाठी: ‘माझी कॉलेजची फी बाबांनी दहा-दहाच्या नोटांत भरली. खिडकीमागचे गृहस्थ मोजून दमले तेव्हा बाबा म्हणाले, सावकाश मोजा, मलाही जमवायला वेळ लागला.’ यानंतर विशेषणं नकोत. ‘अशा थोर माता-पित्यांच्या पोटी’ वगैरे जोडलं की जे उभं राहिलं होतं ते विस्कटतं.

दोन्ही घरांचा तोल राखणं ही या भाषणातली सर्वांत नाजूक गोष्ट. स्वतःच्या घराच्या आठवणी पंचवीस-तीस वर्षांच्या असतात, सासरच्या दोन-तीन वर्षांच्या. म्हणून न ठरवता बोललं तर तराजू हमखास आपल्या बाजूला झुकतो. सोपा उपाय म्हणजे शब्द मोजणं. दोन्ही बाजूंना सारखे शब्द, आणि मुलीचं घर आधी. रिसेप्शन मुलाच्या गावात असेल तर हे जास्तच पाळावं, कारण मुलीकडची मंडळी परक्या हॉलमध्ये, परक्या भाषेत बसलेली असतात. या नवरदेवाने सासूबाईंकडे पाहून एकदा ‘देव बरें करूं’ म्हणावं. कोकणीतले हे आभाराचे शब्द त्याने बायकोकडून आठवडाभर आधी नीट घोटून घ्यावेत. एकदाच म्हणावेत; पुढचं भाषण तोडक्यामोडक्या कोकणीत ओढू नये.

काही वाक्यं मात्र कितीही सवयीची असली तरी टाळावीत. ‘तुम्ही तुमची मुलगी आम्हाला दिलीत’ हे त्यांतलं पहिलं. बोलणाऱ्याला त्यातून नम्रता दाखवायची असते, पण शेजारी बसलेली मुलगी ही कुणी दिली-घेतलेली वस्तू नसते, आणि तिच्या मैत्रिणींच्या चेहऱ्यांवर ते लगेच दिसतं. दुसरं म्हणजे दागिने, भेटी, हॉलचा खर्च यांचा उल्लेख. सासरकडून काही मिळाल्याबद्दल माइकवर आभार मानणं म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब चारचौघांत मांडणं.

आता गट. काल रात्री मांडवात राबलेल्या वीस जणांची नावं वाचण्याऐवजी नवरदेव म्हणू शकतो: ‘काल रात्री दोन वाजता या हॉलमध्ये जे खुर्च्या लावत होते, त्यांनी जरा हात वर करा.’ हात वर होतात, लोक वळून बघतात, टाळी पडते. वीस सेकंदांत वीस माणसांना ओळख मिळते, कुणी राहून जात नाही, कारण ज्याने काम केलं त्याने स्वतःच हात वर केलेला असतो. तसंच परगावाहून आलेल्यांचं: ‘जे म्हापशाहून रात्रभर प्रवास करून आलेत’ म्हटलं की मुलीकडची चार-पाच टेबलं एकदम उजळतात. असे दोन गट पुरे. तिसऱ्या वेळी हात वर करायला सांगितलं की त्याची कवायत होते.

गेलेल्या माणसाची आठवण बऱ्याच घरांत असते. मुलीचे आजोबा वर्षभरापूर्वी वारले असतील आणि आजी समोर बसली असेल, तर त्यांना न आठवून चालणार नाही. त्यांची जागा भाषणाच्या मध्यावर असावी. शेवटी ठेवलं तर रडवेल्या हॉलला पुढच्याच क्षणी ग्लास उंचवायला सांगावं लागतं आणि दोन्ही गोष्टी फसतात. त्यांचंही एक काम सांगावं, दोन सेकंद थांबावं आणि मग आजीकडे वळावं, म्हणजे दुःखातून बाहेर येण्याची वाट आपोआप तयार होते. आवाज भरून आला तर थांबायला काहीच हरकत नाही, लोक थांबतात. फक्त पुढचं वाक्य नव्या कार्डावर लिहिलेलं असावं, म्हणजे भरल्या डोळ्यांनी ओळ शोधावी लागत नाही.

कार्ड मोबाइलपेक्षा बरं. मोबाइलची स्क्रीन काळी पडते, मधेच फोन येतो, आणि निळ्या उजेडात खाली घातलेली मान फोटोत वाईट दिसते. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाची चार-पाच कार्डं, क्रमांक घालून, प्रत्येकावर एक माणूस आणि त्याच्या प्रसंगातले दोन-तीन शब्द: ‘थिवी, पाऊस, चिठ्ठी.’ प्रसंग स्वतः जगलेला असल्याने तो वाचावा लागत नाही. पाठही करू नये. पाठ केलेलं भाषण एका शब्दाला अडकलं की पुढचं सगळं निसटतं. माइक हनुवटीच्या जरा खाली, वीतभरापेक्षा जवळ धरावा, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्याकडे बघावं. भाषण होईपर्यंत ग्लास टोस्टपुरता ओठाला लावलेला बरा.

वेळ केव्हाची, यावरही बरंच अवलंबून असतं. टोस्ट होतो तेव्हा जेवणाला अवकाश असतो, हॉल भरलेला असतो, लोक ताजे असतात. बुफे एकदा उघडला की कुणीही कितीही चांगलं बोललं तरी अर्धा हॉल रांगेत उभा असतो. त्यामुळे टोस्ट लांबला तर नवरदेवाने आपलं भाषण पुढे ढकलण्याऐवजी छोटं करावं. म्हणून कोणतं कार्ड गाळायचं हे आधीच ठरवून त्याचा कोपरा दुमडून ठेवावा. चार आई-वडिलांपैकी कुणाचंही कार्ड त्यात येता कामा नये.

हिंदू मराठी लग्नांत ही प्रथा नव्हती. तिथे माइक असतो तो गुरुजींकडे किंवा निवेदकाकडे, आणि गावाकडच्या लग्नांत मंगलाष्टकांआधी मान्यवरांची नावं घेण्यासाठी. वर स्टेजवर उभा राहून फोटो काढून घेतो, बोलत नाही. मात्र आता आदल्या रात्रीच्या संगीतात मित्रमंडळी बोलू लागली आहेत, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मुलांच्या रिसेप्शनमध्ये तिथल्या रिवाजाप्रमाणे भाषणं होतात, आणि नवरदेवाच्या हातात अचानक माइक येतो. त्याच्यापुढे नमुना असतो तो मान्यवरांच्या यादीचाच. त्याने तो घेऊ नये, उखाण्याचा घ्यावा.

आणि बोलायचं एकट्या मुलानेच का? इंग्लंडमध्येही आता बऱ्याच वधू बोलतात. दोघांनी मिळून बोलायचं ठरलं तर फार सुंदर वाटणी होते: त्याने तिच्या माणसांबद्दल बोलायचं, तिने त्याच्या. स्वतःच्या आईचं कौतुक मुलगा करतो त्यात नवल नसतं. पण सुनेने पहिल्याच दिवशी सासूच्या पहाटेच्या लोकलबद्दल माइकवर सांगितलं, तर त्या सासूला ते जन्मभर पुरतं. शिवाय तोल राखण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. वेळ मात्र दोघांत वाटायची, दुप्पट करायची नाही.

भाषणाचा शेवट टोस्टनेच करावा: पाहुण्यांना उभं राहायला सांगून दोन्ही आई-वडिलांच्या नावे ग्लास उंचवायला सांगावं. त्याआधी दोन-तीन वाक्यं पत्नीसाठी, तिच्याकडे पाहून, आणि तीही दिसलेल्या गोष्टीबद्दल.

लिहून झालं की भाषण घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहा, आणि पहिल्यांदा ते होणाऱ्या बायकोलाच ऐकवा. आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिच्यापासून लपवू नका. रेनकोटची गोष्ट तिच्या वडिलांना चारचौघांत आवडेल की ते संकोचतील, आजोबांचं नाव निघालं तर आजी सावरेल की नाही, हे तिलाच ठाऊक असतं. ती ‘नको’ म्हणेल ते कार्ड काढून टाका.